स्क्रीनवरचा मोरपंखी आणि कागदावरचा मोरपंखी: स्पॉट कलर घेऊनही जुळत नाही, काय करू?

तिरपी_रेघ
नमस्कार मंडळी. गेले चार दिवस डोकं फिरलंय, म्हणून धागा काढतेय.

त्वचेच्या क्रीमचा एक लहान ब्रँड आहे, त्याचं लोगोपासून खोक्यापर्यंत सगळं काम माझ्याकडे. ब्रँडचा रंग मोरपंखी, स्क्रीनवर #00B2A9. सॉफ्टवेअरमध्ये याला पॅन्टोन ३२६ सी सर्वात जवळचा दाखवला, म्हणून फाइलमध्ये तोच स्पॉट कलर घातला. खोकी, लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्ड अशी तीन कामं छापून आली. तिन्हींचा मोरपंखी वेगळा! खोका बरा आहे, लेटरहेड मरगळलेलं आणि हिरवट, कार्ड तर भलतंच निस्तेज. क्लायंट बाई फोन शेजारी धरून विचारतात, "हा असा उजळ का नाही आला?"

माझी समजूत अशी होती की स्पॉट कलर घेतला की हीच कटकट मिटते. आता विचारायचं एवढंच, की स्क्रीनसारखा दिसावा म्हणून ३२६ सोडून कोणता नंबर घेऊ?

आळशी_मांजर
फोनची ब्राइटनेस कमी करून दाखवा. बिल निघेपर्यंत तरी.

घासाघीस
मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसणार. माझ्याकडे पूर्वी असंच व्हायचं. कॅलिब्रेशनचं यंत्र घेतलं तेव्हापासून जे स्क्रीनवर दिसतं तेच छापून येतं, एकही तक्रार नाही. आणि फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये ठेवा, आरजीबीत काम करूच नका.

तिरपी_रेघ
@घासाघीस, मॉनिटर दोन महिन्यांपूर्वीच कॅलिब्रेट केलाय. आणि स्पॉट कलरच्या फाइलला सीएमवायके मोडचा काय उपयोग? शाई तर वेगळीच असते ना?

जुना_खिळा
ताई, प्रश्न जरा उलटा विचारलात. आधी तो सरळ करू.

३२६ हे एका शाईच्या मिश्रणाचं नाव आहे. अमुक मूळ शाया अमुक वजनाने मिसळा, अमुक कागदावर छापा, जे दिसेल तो ३२६. तो #00B2A9 मागाहून आलेला आहे, शाईचा रंग स्क्रीनवर साधारण कसा दाखवावा याचा तो अंदाज. त्यातला पहिला आकडा बघा. लाल शून्य. असं शून्य दिसलं की मी सावध होतो, कारण बऱ्याचदा तो रंग स्क्रीनच्या हद्दीबाहेर गेलेला असतो. लाल शून्याच्या खाली न्यायला हवा असतो आणि स्क्रीनला ते जमत नाही, म्हणून तिथेच कापला जातो. या मोरपंखी पट्ट्यात शाईच स्क्रीनच्या पुढे असते. लोकांना नेहमी उलटं वाटतं, स्क्रीन उजळ आणि शाई बिचारी फिकी. स्क्रीनला स्वतःचा उजेड आहे म्हणून ती उजळ वाटते, पण रंगाचा शुद्धपणा पाहिला तर चांगल्या पांढऱ्या आर्ट पेपरवरचा ३२६ तिला हार जात नाही.

घासाघीस यांचं अर्धं बरोबर आहे. मॉनिटर कॅलिब्रेट असायलाच हवा. पण क्लायंटचा फोन कोण कॅलिब्रेट करणार?

तेव्हा स्क्रीन बाजूला ठेवा. मला सांगा, तिन्ही कामं खरोखर स्पॉटनेच छापली गेली का? शेडकार्डाशी ताडून पाहिलं का? एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रत्येक मोरपंखी भागावर ठेवा. स्पॉटच्या भरीव भागात ठिपके दिसत नाहीत, रंगाचा सलग थर दिसतो. ठिपके दिसले तर तो स्पॉट नाही, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो.

सावळा_गोंधळ
माझाही हाच प्रॉब्लेम आहे. घरच्या इंकजेटवर फोटो छापले की सगळ्यांचे चेहरे निळसर येतात. दोनदा नोझल साफ केलं. कोणता पॅन्टोन टाकू?

आळशी_मांजर
@सावळा_गोंधळ, आधी खात्री करा की चेहरे मुळात निळे नाहीत.

जुना_खिळा
@सावळा_गोंधळ, तुमचं दुखणं वेगळं आहे भाऊ. तुमच्या प्रिंटरमध्ये स्पॉट शाई नसतेच. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

तिरपी_रेघ
काका, भिंग आणलं. (कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचं, उसनं.)

खोका: सलग थर, ठिपके नाहीत. लेटरहेड: इथेही सलग, फक्त कागदाचे तंतू मधेमधे डोकावतात. व्हिजिटिंग कार्ड: ठिपकेच ठिपके! निळसर ठिपक्यांची जाळी आणि त्यात पिवळे. प्रेसला फोन केला तर म्हणाले, "कार्डं थोडीच होती, डिजिटलवर काढली, फाइल तर तुमचीच होती." फाइलमध्ये `PANTONE 326 C` स्पष्ट लिहिलंय, तरी?

जुना_खिळा
तर मग कार्डाचा विषय इथेच संपला. त्या डिजिटल मशीनमध्ये चार रंगांचे टोनर आहेत. तुमच्या फाइलमधला ३२६ त्याला कळला, पण ती शाई त्याच्याकडे नाही, म्हणून त्याने सायन आणि पिवळ्यातून जमेल तसा नकली केला. पॅन्टोनच्या मूळ शायांमध्ये हिरवी ही स्वतंत्र शाई आहे, तिचं रंगद्रव्यच हिरवं. निळ्यात पिवळा मिसळून ती चमक येत नाही. प्रेसने फसवलं असं मी म्हणणार नाही, पण विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी ऑर्डरवरच लिहून द्या: "एक रंग, स्पॉट, ऑफसेट, एक प्लेट."

आणि छपाईला देण्यापूर्वी अॅक्रोबॅटमध्ये `Output Preview` उघडून प्लेटांची यादी पाहत जा. एकदा माझ्याकडे एक फाइल आली, त्यात `PANTONE 326 C` आणि `PANTONE 326 U` असे दोन स्पॉट. लोगो एका फाइलमधून आणलेला, मजकूर दुसरीतून. एकाच शाईच्या दोन प्लेटा निघाल्या असत्या. डोळ्यांना स्क्रीनवर काडीचा फरक दिसत नव्हता.

राहिलं लेटरहेड. तिथे कागद बोलतोय.

कागदवाली
हे वाचून आत आले. :)

लेटरहेडचा कागद पांढरा शुभ्र आहे की ऑफव्हाइट? तुम्ही "हिरवट" म्हणालात, तिथेच शंका आली.

तिरपी_रेघ
हलका क्रीम. क्लायंटला "नैसर्गिक" वाटणारा कागद हवा होता. अनकोटेड, १०० जीएसएम.

कागदवाली
मग तुमच्याकडे एक नाही, दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळलीत.

पहिलं, शोषण. कोटेड कागदावर शाई वरच बसते, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, रंग खोल दिसतो. अनकोटेडमध्ये शाई तंतूंत मुरते, पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि उजेड चहूकडे विखुरतो. त्यातला थोडा पांढरा उजेड रंगात मिसळून डोळ्यापर्यंत येतो, म्हणून रंग मरगळतो. शेडकार्डात सी आणि यू अशी दोन पुस्तकं असतात ती याचसाठी. ३२६ सी आणि ३२६ यू म्हणजे तीच शाई, डबाही तोच. फक्त कागद वेगळा. यू म्हटलं की वेगळी शाई येते असं अनेक डिझायनरना वाटतं.

दुसरं, कागदाचा स्वतःचा रंग. ऑफसेटची शाई पारदर्शक असते. उजेड शाईतून खाली जातो, कागदावर आपटतो आणि परत शाईतूनच वर येतो. क्रीम कागद त्यातला थोडा निळा गिळतो. मोरपंखीतला निळा कमी झाला की उरतो हिरवा. आणि यूचं पुस्तक छापलेलं असतं पांढऱ्या कागदावर, म्हणजे तुमच्या क्रीम कागदावर काय होणार ते यूचं पुस्तकही सांगू शकत नाही.

ही दोन कारणं वेगळी करायची एक सोपी युक्ती आहे. प्रेसला सांगा, एकाच डब्यातली ३२६ तीन कागदांवर ओढून द्या: खोक्याचा बोर्ड, पांढरा अनकोटेड आणि तुमचा क्रीम. बोर्ड आणि पांढरा अनकोटेड यांतला फरक शोषणाचा. पांढरा आणि क्रीम यांतला फरक कागदाच्या रंगाचा.

घासाघीस
एवढी उठाठेव कशाला? मशीनवर शाई जास्त सोडायला सांगा, रंग आपोआप भरेल. आम्ही तेच करतो.

जुना_खिळा
@घासाघीस, थोडी वाढवता येते, नाही असं नाही. पण अनकोटेडवर शाई वाढवली की ती वाळायला वेळ लागतो, गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला खालचा रंग लागतो, आणि लेटरहेडच्या तळातला सहा पॉइंटचा पत्ता भरून येतो, "अ" आणि "ळ" सारखी अक्षरं पोटातून बुजतात. आणि ताईंची तक्रार रंग हिरवट झाल्याची आहे. तो हिरवटपणा क्रीम कागदाचा आहे, शाई जास्त ओतून तो जाणार नाही.

कागदवाली यांना +१. तीन कागदांचा प्रयोग मी असाच करतो. ओढून देणं म्हणजे ड्रॉडाउन: पातीवर चिमूटभर शाई घेऊन कागदावर एका दमात पट्टी ओढायची, थर जाड-पातळ होऊ द्यायचा नाही. घाईत बोटाने टिपूनही चालतं, पण बोटाने थर मनासारखा जाड होतो आणि रंग खोटा सुंदर दिसतो. आमच्या तरुणपणी गिऱ्हाईक समोर बसलं की मुद्दाम बोटाने टिपायचे!

एक पथ्य पाळा: पट्टी ओल्या शाईवर पास करू नका. ओली शाई चमकते, खोल दिसते. अनकोटेडवर ती मुरली की उतरते. निदान एक दिवस जाऊ द्या.

ठिपका_गणक
इथे सगळं डोळ्यावर चाललंय म्हणून बोलतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरने लॅब मूल्यं मोजा, डेल्टा ई २००० काढा, दोन-अडीचच्या आत असेल तर पास. वाद संपला. "मरगळलेलं" हे काही मोजमाप नाही.

जुना_खिळा
मोजा की. पण मोजून कशाशी ताडणार? लेटरहेड ३२६ सीशी ताडलं तर ते कधीच पास होणार नाही, आणि ३२६ यूशी ताडलं तर क्रीम कागदामुळे नापास होईल. यंत्र फरक किती ते सांगेल. कोणत्या पट्टीशी ताडायचं ते माणसानेच ठरवायचं.

ठिपका_गणक
मान्य, म्हणूनच मंजूर ड्रॉडाउन मोजून ठेवायचा आणि पुढची प्रत्येक छपाई त्याच्याशी ताडायची. तेच लक्ष्य. मोजताना पाठीखाली दर वेळी एकच पृष्ठभाग ठेवा, १०० जीएसएममधून खालचं टेबलही मोजलं जातं. त्याच कागदाच्या तीन-चार कोऱ्या शीट ठेवल्या तरी चालेल.

कागदवाली
अवांतर: पाहण्याचा उजेडही सांगून ठेवते. शुभ्र कागदात चमक आणणारी रसायनं असतात, ती अतिनील घेऊन निळसर उजेड परत देतात. खिडकीत कागद निळसर शुभ्र, आणि अतिनील नसलेल्या एलईडीखाली तोच पिवळट. क्रीम कागदात ती सहसा नसतात, त्यामुळे खोका आणि लेटरहेड यांतला फरक उजेडागणिक बदलतो. प्रेसमध्ये ५००० केल्व्हिनचा दिवा असलेलं टेबल असेल तर तिथेच बघा, नसेल तर ढगाळ दिवशी खिडकीजवळ.

आळशी_मांजर
आमच्याकडच्या शेडकार्डाची पानंच क्रीम झालीत. एका डबड्यात दोन कागद.

जुना_खिळा
@आळशी_मांजर, तुम्ही हसवताय पण हे खरं आहे. पुस्तक हाताळून, उजेड लागून उतरतं. दीड वर्षात बदलावं म्हणतात. नाहीच जमलं तर बंद ठेवा, खिडकीत तर नकोच. आणि दोघांनी दोन पुस्तकं पाहून फोनवर भांडू नका, एकच पुस्तक दोघांनी पाहा.

तिरपी_रेघ
आठ दिवसांनी परत आलेय. प्रयोग केला!

लेटरहेडवाल्या प्रेसने कुरकुर केली पण पट्ट्या ओढून दिल्या. ३२६ तीन कागदांवर. दोन दिवस ठेवल्या. बोर्डवरची पट्टी आणि सीचं पुस्तक, फरक शोधावा लागतो. पांढऱ्या अनकोटेडवर ती मरगळली, पण तिचा निळा-हिरवा तोल तोच राहिला. क्रीमवर मात्र स्पष्ट हिरवट. म्हणजे कागदवालीताईंनी सांगितलं ते डोळ्यांनी वेगवेगळं दिसलं. थोडक्यात, मरगळ अनकोटेडची आणि हिरवटपणा क्रीमचा.

मग क्रीम कागदावर आणखी दोन शाया ओढून पाहिल्या. ३२६२, जो जास्त उजळ आहे, आणि ३२०, जो थोडा निळ्याकडे झुकतो. ३२६२ने उजळपणा आला, पण हिरवटपणा गेला नाही. ३२० पुस्तकात खोक्यापेक्षा निळा आणि गडद दिसतो, पण क्रीमवर ओढल्यावर खोक्याच्या शेजारी ठेवला तर सर्वात जवळचा तोच. एका पांढऱ्या कार्डाला दोन भोकं पाडून दोन्हींवर ठेवली, म्हणजे आजूबाजूचा कागद दिसत नाही. तरी ३२०च.

एक गंमत. पहिल्या खेपेला ३२०ची पट्टी भलतीच आली होती. विचारल्यावर कळलं, त्यांनी फक्त १०० ग्रॅम शाई मिसळली होती.

जुना_खिळा
ते होणारच. समजा सूत्रात एखादी शाई ०.८ टक्के आहे. १०० ग्रॅममध्ये ती ०.८ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅम चुकला की त्या एका शाईत साडेबारा टक्के फरक पडला. एक किलोत तीच चूक सव्वा टक्क्यावर येते. थोडी शाई मिसळायची तर बारीक काटा हवा. आणि पातीवर आधीची शाई राहिली असेल तर देवच वाचवो.

पण ताई, ३२० घेण्याला माझा विरोध आहे. ब्रँडचा नंबर एक असावा. उद्या दुसरा प्रेसवाला, तिसरा डिझायनर, कुणाला आठवणार की लेटरहेडला ३२० आणि खोक्याला ३२६? वर्षभरात कुणीतरी खोका ३२०मध्ये छापेल, आणि तो चांगलाच निळा दिसेल. त्यापेक्षा क्रीम कागद सोडा, पांढरा अनकोटेड घ्या.

कागदवाली
काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ब्रँडच्या पुस्तिकेत कोटेडला एक नंबर आणि अनकोटेडला वेगळा नंबर देणारे खूप आहेत. गिऱ्हाईक नंबर बघत नाही, रंग बघतं. हातात खोका आणि पत्र एकत्र आलं की त्याला एकच मोरपंखी दिसला पाहिजे. फक्त "अनकोटेडसाठी ३२०" असं लिहू नका. "या अमुक क्रीम कागदासाठी ३२०" असं लिहा, कारण पांढऱ्या अनकोटेडवर तो निळाच दिसेल.

ठिपका_गणक
आणि पट्टीची लॅब मूल्यं त्याच पानावर लिहा. मग नंबर कुणी विसरला तरी लक्ष्य राहील.

जुना_खिळा
लिहिलेलं कोण वाचतं, बाई. पण असो, क्लायंट तुमचा.

घासाघीस
मला अजून कळलं नाही, स्क्रीनचं काय झालं? धागा तर त्यासाठी होता.

तिरपी_रेघ
बरोबर पकडलंत. क्लायंट बाईंना प्रेसच्या टेबलावर घेऊन गेले. फोन बाजूला ठेवायला लावला आणि खोका सीच्या पुस्तकाशेजारी धरला. त्या म्हणाल्या, "हो, हा तर तोच आहे." खोक्याचा वाद तिथे मिटला. मग त्यांनीच विचारलं, "वेबसाइटचाच रंग छापल्यासारखा करता येईल का?" मला हे सुचलंच नव्हतं. शाई बदलायला किती खटाटोप, हेक्स बदलायला एक मिनिट.

आळशी_मांजर
क्लायंटने उत्तर दिलं? धाग्याला कुलूप लावा.

ठिपका_गणक
करता येईल, पण थोडंच. कोटेडच्या पट्टीची लॅब मूल्यं घेऊन त्यावरून एसआरजीबी काढा, लाल पुन्हा शून्यावरच कापला जाईल बहुतेक. म्हणजे तुम्ही परत #00B2A9च्या आसपासच याल. स्क्रीन उजळ वाटते ती तिच्या पांढऱ्यामुळे. पार्श्वभूमी शुभ्र ऐवजी किंचित उतरती ठेवून बघा, मोरपंखी लगेच शांत होईल.

तिरपी_रेघ
हे करून बघते. कार्डं आता ऑफसेटवर ३२६मध्ये पांढऱ्या आर्ट कार्डावर घेतोय. लेटरहेडचं ३२० की पांढरा कागद, ते बाई सोमवारी सांगणार आहेत, दोन्ही पट्ट्या त्यांच्याकडेच ठेवल्यात.

आणि आत्ताच त्यांचा मेसेज आला. पुढच्या खेपेला खोक्याला मॅट लॅमिनेशन करायचंय म्हणे.

जुना_खिळा
अरे देवा. मॅट फिल्मने रंग फिका आणि धुरकट होतो. खोक्याच्या बोर्डवरची ती ३२६ची पट्टी अजून आहे ना? अर्ध्या भागावर तीच फिल्म लावून घ्या, अर्धा उघडा ठेवा, आणि सोमवारी तीही घेऊन जा.